विश्लेषण : आलमट्टीच्या कन्नड पोस्टचा स्क्रीनशॉट मराठीत आणताना नेमके काय चुकते?

कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी वाढू लागले की सांगली, मिरज, शिरोळ आणि कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कन्नड पोस्टचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. त्यात आलमट्टी धरणाचे आकडे असतात, दोन-चार हॅशटॅग असतात आणि तीन-तीन अक्षरांचे संक्षेप असतात. कुणीतरी तो फोटो फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकतो आणि आलेला मराठी मजकूर पुढे पाठवतो. त्यावर नदीकाठी जनावरे हलवायची की थांबायचे, दुकानातला माल वरच्या मजल्यावर न्यायचा की नाही, याची चर्चा सुरू होते.

अशा पोस्टमधली सरळ वाक्ये अ‍ॅप बहुतेक वेळा ठीक उतरवते. फसगत होते ती ज्या गोष्टींचे भाषांतर करायची गरजच नाही असे वाटते तिथे. आकड्यापुढचे एक अक्षर, दोन्ही राज्यांत असलेले गावाचे नाव, मराठीसारखा दिसणारा कन्नड शब्द आणि फोटोत न आलेली शेवटची ओळ, या चार ठिकाणी अर्थ पूर्ण उलटू शकतो. तो कसा उलटतो आणि कसा ओळखायचा, हे एक पोस्ट ओळीओळीने उलगडून पाहू.

सांगलीकरांना आलमट्टीचा आकडा का हवा असतो?

कृष्णा महाराष्ट्रातून कर्नाटकात जाते आणि विजयपुरा जिल्ह्यातल्या आलमट्टी धरणात अडते. धरण सांगलीच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे धरणातून किती पाणी पुढे सोडले जाते, याकडे वरच्या गावांचे लक्ष असते. धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली-कोल्हापूरचा पूर वाढतो की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये आणि दोन्ही राज्यांमध्ये मतभेद आहेत. मात्र २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या माणसाला रोजचा विसर्ग जाणून घ्यावासा वाटतो, यात नवल नाही. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे.

धरणाच्या काठावरच्या माणसांच्या पोस्ट अर्थातच कन्नडमध्ये असतात. त्या लिहिल्या जातात बागलकोट, विजयपुरा, बेळगावच्या वाचकांसाठी. त्यामुळे तिथल्या वाचकाला जे ठाऊक आहे, ते पोस्टमध्ये लिहिलेले नसते.

नमुना पोस्ट

पुढची पोस्ट समजावण्यासाठी तयार केलेला नमुना आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण शब्द आणि मांडणी दर पावसाळ्यात दिसते तशीच आहे. कन्नड लिपीतला मजकूर इथे देवनागरीत उतरवला आहे. संक्षेप आणि टॅग पडद्यावर दिसतात तसेच ठेवले आहेत.

> आलमट्टी LBS जलाशय, इंदु बेळिग्गे 8
> संग्रह 98 / 123.08 TMC, FRL 519.60 मी
> भर्तिगे 25 TMC बाकि
> ओळहरिवु 1.45 L Cs
> होरहरिवु 1.75 L Cs
> राजापुर बॅरेज 1.12 L Cs
> कल्लोळ-यडूर सेतुवे जलावृत
> नदी तीरद जनरिगे एच्चरिके
> सद्यक्के प्रवाह भीति इल्ल
> #Almatti #NKrains #UKP3

दहा ओळींची ही पोस्ट. यातले निम्मे शब्द मराठी माणसाला कळल्यासारखे वाटतात आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आवक कोणती, विसर्ग कोणता?

पोस्टचा गाभा चौथ्या आणि पाचव्या ओळीत आहे. कन्नडमध्ये ‘हरिवु’ म्हणजे वाहणे, प्रवाह. ‘ओळ’ म्हणजे आत आणि ‘होर’ म्हणजे बाहेर. म्हणून ‘ओळहरिवु’ ही धरणात येणारी आवक आणि ‘होरहरिवु’ हा धरणातून सोडला जाणारा विसर्ग. दोन्ही शब्दांचा मागचा भाग सारखाच आहे, फरक फक्त पुढच्या दोन अक्षरांत आहे.

स्क्रीनशॉट कापताना डावी कड थोडी आत गेली, तर नेमकी हीच दोन अक्षरे जातात. मग दोन्ही ओळींत ‘हरिवु’ एवढेच उरते आणि अ‍ॅप दोन्हीकडे ‘प्रवाह’ असे लिहून मोकळे होते. वाचणारा आपल्या समजुतीने पहिला आकडा विसर्गाचा धरतो, कारण त्याला विसर्गच शोधायचा असतो.

ही चूक साधी नाही. नमुन्यातल्या आकड्यांप्रमाणे धरणात सेकंदाला १ लाख ४५ हजार घनफूट पाणी येते आहे आणि १ लाख ७५ हजार घनफूट बाहेर जाते आहे. म्हणजे धरण हळूहळू रिकामे होते आहे. आकडे उलट लावले तर तेच धरण दर सेकंदाला ३० हजार घनफूट पाणी अडवून भरत चालले आहे, असा अर्थ निघतो. ‘कर्नाटकने पाणी रोखले’ असा संदेश तयार व्हायला एवढे पुरेसे असते.

मराठीत उतरवताना जलसंपदा विभागाच्या बातमीपत्रात असतात तेच ‘आवक’ आणि ‘विसर्ग’ हे शब्द वापरावेत. ‘अंतर्गत प्रवाह’ किंवा ‘बाह्य प्रवाह’ असे अ‍ॅपने दिलेले शब्द चुकीचे नसले, तरी नदीकाठचा वाचक त्यावर अडखळतो. डावी कड कापली गेलेली असेल तर कोणता आकडा कशाचा, हे अंदाजाने ठरवू नये. मूळ पोस्ट मागवावी.

मराठीसारखे दिसणारे कन्नड शब्द

‘भर्तिगे 25 TMC बाकि’ या ओळीत मराठी माणसाला ‘भरती’ दिसते. मराठीत भरती म्हणजे समुद्राची भरती किंवा नोकरभरती. कन्नडमध्ये ‘भर्ति’ म्हणजे भरलेला, पूर्ण. ‘भर्तिगे 25 TMC बाकि’ म्हणजे धरण पूर्ण भरायला आणखी २५ टीएमसी पाणी लागेल. याउलट ‘जलाशय भर्ति’ असे लिहिलेले असेल, तर धरण भरले आहे. दोन्हीकडे शब्द तोच आहे, पण मागे लागलेल्या ‘गे’ने अर्थ बदलतो.

दुसरा शब्द आहे ‘प्रवाह’. मराठीत प्रवाह म्हणजे वाहते पाणी, त्यात काळजीचे काही नाही. कन्नड बातम्यांमध्ये मात्र ‘प्रवाह’ हा शब्द पूर या अर्थाने वापरतात. ‘प्रवाह भीति’ म्हणजे पुराची भीती. अ‍ॅपने तो शब्द तसाच ठेवला तर ‘प्रवाहाची भीती’ असे विचित्र काहीतरी तयार होते आणि त्यातली गंभीर बाब हरवते.

तिसरा आहे ‘इंदु’. हे कुणा मुलीचे नाव नाही. ‘इंदु बेळिग्गे 8’ म्हणजे आज सकाळी ८. यातला ‘आज’ कोणता, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

‘एच्चरिके’ या शब्दाबाबत आणखी सावध राहावे लागते. त्याचा अर्थ सावधगिरीचा इशारा. पण सांगली-कोल्हापुरात ‘इशारा पातळी’ या शब्दाला ठरलेला आकडा आहे. आयर्विन पुलाजवळ ती ४० फूट, तर कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आहे. ‘नदी तीरद जनरिगे एच्चरिके’ याचे भाषांतर ‘नदीकाठच्या लोकांना सावध राहण्याची सूचना’ असे करावे. ‘नदीने इशारा पातळी गाठली’ असे लिहिले, तर मूळ पोस्टमध्ये नसलेली बातमी तयार होते.

L, Cs, TMC : एका अक्षरात किती अर्थ?

संक्षेप उलगडताना तो कोणत्या विषयाच्या पोस्टमध्ये आला आहे, हे आधी पाहावे लागते. `TMC` ही तीन अक्षरे राजकीय बातमीत तृणमूल काँग्रेस असतात आणि ठाण्यात महापालिका असते. धरणाच्या पोस्टमध्ये ती एक हजार दशलक्ष म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी मोजतात. मराठी वाचकाला ‘टीएमसी’ हा शब्द वर्तमानपत्रांमुळे सवयीचा आहे. म्हणून तो तसाच ठेवणे बरे.

`L` हे अक्षर जास्त फसवे आहे. कन्नड, मराठी, हिंदी या सगळ्याच पोस्टमध्ये ते लाख या अर्थाने येते. पण पाण्याच्या संदर्भात अ‍ॅपला ते लिटर वाटू शकते. ‘आवक १.४५ लिटर’ असे भाषांतर आले तर हसून सोडता येते. दशांशचिन्ह पुसले जाते तेव्हा मात्र हसता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पुनःपुन्हा पाठवला की दर वेळी दाबला जाऊन धूसर होतो आणि बारीक टिंब आधी जाते. मग 1.75 चे 175 होते. आलमट्टीचा विसर्ग २०१९ च्या महापुरातही पाच लाख क्युसेकच्या घरात होता, एवढे लक्षात ठेवले तरी १७५ लाख हा आकडा टिकत नाही.

`Cs` म्हणजे क्युसेक, अर्थात सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. पण पाण्याच्या मोजमापात क्युमेकही वापरतात. तो सेकंदाला एक घनमीटर असतो, म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. केंद्रीय जल आयोगाच्या माहितीत हे एकक दिसते. नुसते `Cs` लिहिलेले असेल तर कोणते एकक, हे आकड्यावरून ठरवता येते. १.४५ लाख क्युमेक धरले तर ते ५१ लाख क्युसेक होतात. एवढे पाणी आलमट्टीत येत नाही, म्हणून इथे क्युसेकच.

`FRL` म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पातळी. आलमट्टीसाठी ती समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. हा आकडा त्या दिवशीच्या पातळीचा नसतो. तो रोज तोच असतो. अ‍ॅपने संक्षेप तसाच सोडला तर ‘पाणी ५१९.६० मीटरवर पोहोचले’ असे वाचले जाते, म्हणजे न भरलेले धरण भरले असे समजले जाते. `LBS` म्हणजे लालबहादूर शास्त्री सागर, आलमट्टीच्या जलाशयाचे अधिकृत नाव. तो वेगळा तलाव नाही.

राजापूर कोणते आणि कल्लोळ कसला?

स्थानिक नावांचे भाषांतर करायचे नसते, पण ते नाव कुठले हे सांगावे लागते. नमुन्यातले ‘राजापुर बॅरेज’ वाचून बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर रत्नागिरी जिल्ह्यातले राजापूर येते. त्या राजापुरातही अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते, म्हणून गैरसमज सहज पटतो. इथला राजापूर बंधारा मात्र कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कृष्णेवर आहे. महाराष्ट्रातून कर्नाटकात किती पाणी गेले, याचा अंदाज तिथल्या विसर्गावरून घेतात. म्हणून कन्नड पोस्टमध्ये त्याचे नाव रोज येते. बेळगाव-बागलकोटच्या वाचकासाठी तो महाराष्ट्रातून येणाऱ्या पाण्याचा आकडा असतो.

राजापूरचा आकडा १.१२ लाख आणि आलमट्टीची आवक १.४५ लाख, असा फरक पाहून कुणी पोस्ट खोटी ठरवू शकतो. ते बरोबर नाही. राजापूरच्या पुढे दूधगंगा कृष्णेला मिळते आणि घटप्रभेचे पाणीही आलमट्टीच्या जलाशयात येते. शिवाय राजापूरचे पाणी आलमट्टीला पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे एकाच सकाळचे हे दोन आकडे सारखे असण्याचे कारण नाही.

‘कल्लोळ-यडूर सेतुवे जलावृत’ या ओळीत वेगळी अडचण आहे. कल्लोळ हे चिक्कोडी भागातले गाव आहे आणि यडूर हे कृष्णाकाठचेच दुसरे गाव. दोघांना जोडणारा बंधारा-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. मराठीत ‘कल्लोळ’ म्हणजे गोंधळ, आकांत. नाव आहे हे न ओळखता ओळ वाचली, तर पुलावर हाहाकार उडाल्याचा भास होतो. मूळ ओळीचा अर्थ इतकाच की पूल पाण्याखाली गेला आहे आणि त्या वाटेने जाऊ नये.

नावांची आणखी एक नेहमीची गफलत नमुन्यात नाही, पण ग्रुपवर दिसते. `KRS` म्हणजे कृष्णराजसागर. नावात ‘कृष्ण’ असल्याने ते कृष्णेवरचे धरण वाटते. प्रत्यक्षात ते म्हैसूरजवळ कावेरी नदीवर आहे आणि त्याचे नाव म्हैसूरचे राजे कृष्णराज वडियार यांच्यावरून आले आहे. तिथले सगळे दरवाजे उघडले तरी सांगलीच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. कृष्णराजसागरची पातळी फुटांत सांगतात आणि पूर्ण भरल्यावर ती १२४.८० फूट असते. आलमट्टीची पातळी मीटरमध्ये सांगतात आणि ती ५०० च्या पुढे असते.

हॅशटॅगचे भाषांतर करायचे का?

करायचे नाही. हॅशटॅग हा शोधाचा धागा असतो. तो जसाच्या तसा टाइप केला तरच मूळ पोस्ट आणि तिच्या आसपासच्या पोस्ट सापडतात. `#NKrains` चे ‘#उत्तरकर्नाटकपाऊस’ केले की तो धागा तुटतो आणि पडताळणीची वाट बंद होते. म्हणून टॅग तसाच ठेवून त्याचा अर्थ शेजारी सांगावा.

अर्थ सांगतानाही स्थानिक माहिती लागते. `NK` म्हणजे उत्तर कर्नाटक. हाच भाग कन्नडमध्ये ‘उत्तर कर्नाटक’ म्हणून `UK` असाही लिहिला जातो. ती दोन अक्षरे पाहून एखाद्याला ब्रिटन आठवेल, एखाद्याला उत्तराखंड. पावसाळ्यात उत्तराखंडातही ढगफुटी होत असल्याने हा घोळ चटकन लक्षात येत नाही.

`#UKP3` मध्ये मात्र `UK` चा अर्थ आणखी वेगळा आहे. `UKP` म्हणजे अप्पर कृष्णा प्रोजेक्ट, कृष्णेवरचा कर्नाटकचा मोठा सिंचन प्रकल्प. त्यापुढचा ३ म्हणजे तिसरा टप्पा. या टप्प्यात आलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये त्याला परवानगी दिली होती आणि महाराष्ट्राचा, विशेषतः सांगली-कोल्हापूरचा, त्याला विरोध आहे.

त्यामुळे हा टॅग पुराची माहिती देत नाही. तो लिहिणाऱ्याची बाजू सांगतो. पोस्ट टाकणारी व्यक्ती उंचीवाढीच्या चर्चेत सहभागी आहे, कदाचित तिच्या बाजूने आहे. त्याच टॅगमुळे उंची वाढल्याची किंवा पाणी ५२४ मीटरपर्यंत साठवल्याची बातमी होत नाही. भाषांतरात टॅग गाळला तर लिहिणाऱ्याचा रोख वाचकापासून लपतो. तो माहितीच्या ओळीत मिसळला तर वाद विनाकारण पेटतो. म्हणून टॅग खाली वेगळे द्यावेत.

फोटोतून काय निसटते?

नमुन्यातली टॅगच्या आधीची ओळ आहे ‘सद्यक्के प्रवाह भीति इल्ल’, म्हणजे ‘सध्या पुराची भीती नाही’. कन्नडमध्ये मराठीसारखाच नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘इल्ल’ म्हणजे नाही. लांब पोस्ट अ‍ॅपमध्ये अर्धवट दाखवली जाते आणि पुढचे वाचायला ‘आणखी पाहा’ दाबावे लागते. ते न दाबता स्क्रीनशॉट काढला आणि ओळ ‘भीति’वर तुटली, तर उरते ‘सध्या पुराची भीती’. एका शब्दाने निर्धास्त करणारी पोस्ट घाबरवणारी होते.

तुटलेली ओळ ओळखता येते. मजकूर तीन टिंबांवर थांबतो, शेवटच्या अक्षराची वेलांटी किंवा जोडाक्षर अर्धे दिसते, किंवा खाली लाइक-शेअरची पट्टी दिसत नाही. असे काही दिसले तर भाषांतरात ‘इथे मजकूर कापला आहे’ असे लिहावे. वाक्य आपल्या मनाने पुरे करू नये.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे तारीख. पोस्ट यादीत दिसते तेव्हा तिच्यावर ‘३ तासांपूर्वी’ अशा अर्थाचे `3h` असते. फोटो काढला त्या क्षणापासून ते तीन तास मोजलेले असतात. तो फोटो पुढच्या वर्षी फिरला, तरी त्यावर तीनच तास दिसतात. फोनच्या वरच्या पट्टीत घड्याळ दिसते, पण तारीख बहुधा नसते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने साठवलेल्या फोटोच्या नावात `IMG-20250801-WA0007` असा आकडा असतो. त्यातली तारीख फोटो आपल्या फोनवर आला तेव्हाची असते, मूळ पोस्टची नसते.

म्हणूनच ‘इंदु बेळिग्गे’चे भाषांतर नुसते ‘आज सकाळी’ असे करणे धोक्याचे ठरते. वाचकाला तो आजचाच दिवस वाटतो. पोस्ट उघडून घेतलेल्या स्क्रीनशॉटवर पूर्ण तारीख आणि वेळ असते, तोच मागावा. मिळाला नाही तर तारीख दिसत नसल्याचे भाषांतरात स्पष्ट लिहावे.

मग मराठी मजकूर कसा असावा?

वरचे सगळे लक्षात घेतले, तर नमुना पोस्ट मराठीत साधारण अशी उतरेल.

> आलमट्टी धरण (लालबहादूर शास्त्री सागर), पोस्टमध्ये ‘आज सकाळी ८’ असे आहे. स्क्रीनशॉटवर तारीख दिसत नाही.
> साठा ९८ टीएमसी, पूर्ण क्षमता १२३.०८ टीएमसी. भरायला २५ टीएमसी बाकी. पूर्ण भरल्यावरची पातळी ५१९.६० मीटर, आजची पातळी दिलेली नाही.
> आवक १ लाख ४५ हजार क्युसेक.
> विसर्ग १ लाख ७५ हजार क्युसेक.
> राजापूर बंधारा (ता. शिरोळ) येथील विसर्ग १ लाख १२ हजार क्युसेक.
> चिक्कोडी भागातील कल्लोळ-यडूर पूल पाण्याखाली.
> नदीकाठच्या लोकांना सावध राहण्याची सूचना. सध्या पुराची भीती नाही.
> मूळ टॅग : #Almatti, #NKrains (उत्तर कर्नाटकातील पाऊस), #UKP3 (आलमट्टी उंचीवाढीच्या प्रकल्पाशी संबंधित)

हा मजकूर मूळ पोस्टपेक्षा लांब आहे आणि तसाच असायला हवा. मूळ वाचकाला जे न सांगता कळत होते, ते मराठी वाचकाला सांगावे लागते. अंकांची लेखनपद्धतीही मुद्दाम बदलली आहे. ‘1.75 L’ ऐवजी ‘१ लाख ७५ हजार’ असे लिहिले की दशांशचिन्ह पुसले जाण्याची भीती राहत नाही.

एक खबरदारी आणखी घ्यावी. ‘सध्या पुराची भीती नाही’ हे विधान बागलकोटच्या वाचकासाठी केलेले आहे. ते सांगलीला लागू होईलच असे नाही. सांगलीचे पाणी कोयना, वारणेचा विसर्ग आणि वरच्या भागातल्या पावसावर अवलंबून असते. भाषांतर अचूक असूनही वाचक त्यातून चुकीचा दिलासा घेऊ शकतो. म्हणून पोस्ट कुठली आहे, हे वरच्या ओळीत दिसलेच पाहिजे.

आकडे आपापसांत जुळतात का?

भाषांतर झाल्यावर आवक आणि विसर्ग उलटे तर लागले नाहीत ना, हे घरबसल्या तपासता येते. एक टीएमसी पाणी एका दिवसात वाहून जायला सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. एक अब्ज घनफुटाला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की हा आकडा मिळतो.

नमुन्यात विसर्ग आवकेपेक्षा ३० हजार क्युसेकने जास्त आहे. ३० हजाराला ११,५७४ ने भागले की सुमारे २.६ येतात. म्हणजे आवक आणि विसर्ग तेच राहिले, तर चोवीस तासांत साठा २.६ टीएमसीने घटून ९५.४ च्या आसपास यायला हवा. दुसऱ्या दिवशीच्या अधिकृत आकड्यात तो ९५ ते ९६ दरम्यान असेल, तर भाषांतर बरोबर वाचले गेले. तो १०० च्या पुढे गेला असेल, तर एक तर आवक-विसर्ग उलटे लागले किंवा दिवसभरात दरवाजांची स्थिती बदलली. बाष्पीभवन आणि कालव्यांचे पाणी यात धरलेले नाही. पण पुराच्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यापुढे त्याचा वाटा लहान असतो.

अधिकृत आकडे मिळण्याची ठिकाणेही आहेत. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र, म्हणजे `KSNDMC`, राज्यातल्या प्रमुख धरणांची रोजची आवक, विसर्ग आणि साठा जाहीर करते. महाराष्ट्राच्या बाजूला जलसंपदा विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पुलांवरची पाणीपातळी देतात. तिथले आकडे आणि स्क्रीनशॉटमधले आकडे वेगळ्या तारखांचे निघाले, तर फोटो जुना आहे हे तिथेच कळते.

हे सगळे करूनही एक मर्यादा राहते. अचूक भाषांतराने पोस्टमध्ये काय लिहिले आहे ते कळते. लिहिणाऱ्याने खरे लिहिले की नाही, ते कळत नाही. जनावरे हलवायची की नाही, हा निर्णय स्क्रीनशॉटवर घेऊ नये. तो आयर्विन पूल किंवा राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर आणि गावातल्या तलाठ्याकडून आलेल्या सूचनेवर घ्यावा. स्क्रीनशॉटचा उपयोग एवढाच की पाणी खाली कुठे आणि किती सोडले जाते आहे, याची कल्पना थोडी आधी येते. तीही आवक आणि विसर्ग हे दोन शब्द जागच्या जागी असतील तरच.